एका ग्रंथाचे परीक्षण : ‘व्हिजिबल लर्निंग’ आणि त्यावरील परीक्षण-लेख
(प्रस्तावना)

अध्यापक-शिक्षणाच्या नियतकालिकांत शिक्षणविषयक ग्रंथांची दखल साधारणपणे दोन प्रकारांनी घेतली जाते. पहिला प्रकार पुस्तक-परिचयाचा. त्यात ग्रंथाचा विषय, त्याची मांडणी आणि तो कोणाला उपयोगी पडेल हे दोन-तीन पानांत सांगितलेले असते, आणि वाचकाने ग्रंथ मिळवून वाचावा की नाही एवढे ठरवण्यास ते पुरेसे असते. दुसरा प्रकार परीक्षण-लेखाचा. जो ग्रंथ आधीच मोठ्या प्रमाणावर वाचला गेला आहे, ज्यातील विधाने प्रशिक्षणवर्गांत आणि शासकीय टिपणांत आधार म्हणून पुढे केली जात आहेत, अशा ग्रंथाचा हा लेख विचार करतो. त्यामुळे ग्रंथात काय आहे हे सांगून त्याचे काम संपत नाही, तर लेखकाने हे निष्कर्ष कशाच्या आधारे काढले, तो आधार तेवढा भार पेलतो का, आणि ग्रंथ वाचकांपर्यंत पोहोचेपर्यंत त्यातील विधानांचे काय झाले, हे प्रश्न त्याला हाताळावे लागतात. प्रस्तुत संग्रह या दुसऱ्या प्रकारच्या लेखांचा आहे आणि तो एकाच ग्रंथाभोवती गुंफलेला आहे. जॉन हॅटी यांचा ‘व्हिजिबल लर्निंग’ हा ग्रंथ २००९ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा ते न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात प्राध्यापक होते. गेल्या काही दशकांत शिक्षकांच्या प्रशिक्षणावर एवढा प्रभाव टाकणारे आणि त्याच वेळी एवढ्या कसून तपासले गेलेले दुसरे पुस्तक क्वचितच सापडेल.

शिक्षकांसाठीच्या नियतकालिकाची कल्पना मराठीला नवी नाही. कृष्णशास्त्री आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर या दोघांनीही संपादिलेल्या ‘शालापत्रका’पासून ती एकोणिसाव्या शतकातच रुजलेली आहे. मात्र संख्यात्मक संशोधनावर उभ्या असलेल्या शैक्षणिक ग्रंथाचे परीक्षण ही तुलनेने अलीकडची गोष्ट आहे, आणि तिचा एक ठळक नमुना १९६८ सालचा आहे. त्या वर्षी रॉबर्ट रोझेंथल आणि लेनोर जेकब्सन यांचा ‘पिग्मॅलियन इन द क्लासरूम’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. शिक्षकाने एखाद्या मुलाकडून अधिक अपेक्षा ठेवली तर त्या मुलाची बुद्धिमत्ता-चाचणीतील प्रगती खरोखरच अधिक होते, हा त्यातील निष्कर्ष जगभरच्या अध्यापक-महाविद्यालयांत पोहोचला. त्याच वर्षी मापनशास्त्रज्ञ रॉबर्ट थॉर्नडाइक यांनी या ग्रंथाचे परीक्षण लिहिले. अपेक्षेचा परिणाम होतो की नाही या वादात ते शिरले नाहीत. त्यांनी ग्रंथाच्याच तक्त्यांतील आकडे वाचले. सर्वांत लहान मुलांच्या एका वर्गातील १९ मुलांचा तर्कक्षमतेच्या भागातील सरासरी बुद्ध्यंक पूर्वचाचणीत ३१ आला होता. ज्यांचा बुद्ध्यंक खरोखर एवढा कमी आहे अशी मुले नियमित शाळेच्या वर्गात बसून चाचणी सोडवूच शकली नसती; अर्थात ती चाचणी त्या वयाच्या मुलांना लागूच नव्हती, आणि अशा पूर्वचाचणीवरून मोजलेल्या वाढीला फारसा अर्थ उरत नव्हता. निष्कर्षाशी भांडण्याआधी तो ज्या मोजमापावर उभा आहे ते उघडून पाहावे, ही रीत पुढील परीक्षणांनी उचलली. हॅटी यांच्या ग्रंथाची सर्वांत फलदायी परीक्षणेही याच रीतीची आहेत.

हॅटी यांचा ग्रंथ समजून घ्यायचा तर दोन संकल्पना नीट कळाव्या लागतात. पहिली मेटा-अ‍ॅनालिसिस, म्हणजे एकाच प्रश्नावरील अनेक स्वतंत्र संशोधनांचे निष्कर्ष संख्याशास्त्रीय पद्धतीने एकत्र करून त्यांतून एक सरासरी उत्तर काढणे. हा शब्द अमेरिकन संशोधक जीन ग्लास यांनी १९७६ साली रूढ केला. दुसरी संकल्पना इफेक्ट साइझची. तिला येथे परिणाम-प्रमाण म्हटले आहे. वेगवेगळ्या संशोधनांत वेगवेगळ्या चाचण्या आणि वेगवेगळे गुण असल्यामुळे त्यांची थेट बेरीज करता येत नाही. म्हणून दोन गटांच्या सरासरी गुणांतील फरकाला गुणांच्या प्रमाण विचलनाने, म्हणजे मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेले आहेत ते दाखवणाऱ्या मापाने, भागतात. एका पद्धतीने शिकलेल्या गटाची सरासरी ५४, नेहमीच्या पद्धतीने शिकलेल्या गटाची ५० आणि प्रमाण विचलन १० असेल, तर परिणाम-प्रमाण ०.४० येते. ग्लास यांनी एकेका प्रश्नासाठी जे केले होते त्याच्या वरचा मजला हॅटी यांनी बांधला: त्यांनी आठशेहून अधिक मेटा-अ‍ॅनालिसिस गोळा केल्या, त्यांत मिळून पन्नास हजारांवर संशोधने होती, आणि शालेय संपादणुकीवर परिणाम करणारे १३८ घटक त्यांनी एकाच क्रमवारीत लावले. सर्व घटकांची सरासरी ०.४० च्या आसपास आली. हा आकडा त्यांनी बिजागरीचा बिंदू ठरवला. शिक्षणात जवळजवळ काहीही केले तरी थोडाफार फायदा होतोच, म्हणून परिणाम शून्याहून अधिक आहे का असे न विचारता तो ०.४० हून अधिक आहे का असे विचारावे, असा त्यांचा आग्रह होता.

हा आग्रह ग्रंथाचे खरे बळ आहे आणि टीकेच्या भरात तो विसरला जाऊ नये. प्रत्येक नव्या उपक्रमाच्या पुरस्कर्त्याकडे यशाचा काही ना काही पुरावा असतोच, आणि ‘फायदा झाला’ एवढ्या विधानावर शाळांचा वेळ आणि पैसा खर्च होत राहतो; त्या सवयीला हॅटी यांनी अडवले. तसेच क्रमवारीपलीकडे ग्रंथाचे एक स्वतःचे म्हणणे आहे: आपल्या शिकवण्याचा परिणाम शिक्षकाला दिसला पाहिजे, आणि आपण काय व कसे शिकत आहोत हे विद्यार्थ्याला दिसले पाहिजे. ग्रंथाच्या नावातील ‘व्हिजिबल’, म्हणजे दृश्य, या शब्दाचा रोख तोच आहे. तथापि वाचकांनी उचलली ती क्रमवारी. प्रत्येक घटकासोबत छापलेली मापकाची आकृती, तिचा काटा आणि ०.४० च्या पुढचा ‘इष्ट परिणामांचा’ पट्टा यांमुळे ग्रंथाचे रूपांतर निवडीच्या यादीत होणे सोपे गेले. शिक्षणविषयक इंग्रजी पत्रकारितेत अध्यापनाचे अंतिम रहस्य सापडल्याची भाषा वापरली गेली, आणि जर्मनीतील म्युन्स्टर विद्यापीठाचे एवाल्ड टेरहार्ट यांनी २०११ साली आपल्या परीक्षण-लेखाचे शीर्षकच त्या दाव्यावरील प्रश्नाच्या रूपात दिले.

अध्यापक-शिक्षणाच्या दृष्टीने या क्रमवारीतील सर्वांत लक्षणीय ओळ सूक्ष्म अध्यापनाची आहे. त्याचे परिणाम-प्रमाण ०.८८ आहे, म्हणजे ते अगदी वरच्या घटकांत बसते. आणि त्याच यादीत एकंदर शिक्षक-प्रशिक्षणाला ०.११, तर शिक्षकाच्या विषयज्ञानाला ०.०९ एवढेच स्थान आहे. महाराष्ट्रातील बी. एड. झालेल्या प्रत्येक शिक्षकाला सूक्ष्म अध्यापन परिचित आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६० च्या दशकाच्या प्रारंभी ड्वाइट अ‍ॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेली ही पद्धत भारतात आल्यावर तिचे भारतीय प्रतिमान तयार झाले: छात्राध्यापकाने प्रश्न कौशल्य किंवा फलकलेखन कौशल्य असे एकच कौशल्य घेऊन ६ मिनिटांचा पाठ द्यायचा, ६ मिनिटे प्रत्याभरण घ्यायचे, १२ मिनिटांत पाठाचे पुनर्नियोजन करायचे, पुन्हा ६ मिनिटांचा पाठ द्यायचा आणि पुन्हा ६ मिनिटे प्रत्याभरण घ्यायचे. अशा ३६ मिनिटांच्या चक्रात बहुधा सहाध्यायीच विद्यार्थ्यांच्या भूमिकेत बसतात. ज्या महाविद्यालयाने ही चक्रे वर्षानुवर्षे चालवली आहेत त्याला ०.८८ हा आकडा म्हणजे आपल्या परिश्रमांवरील शिक्कामोर्तब वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु हा आकडा कोणत्या मोजमापातून आला हे पाहू लागले की चित्र बदलते. त्यामागे मोजक्याच मेटा-अ‍ॅनालिसिस आहेत, आणि त्यांतील संशोधनांनी मुख्यतः प्रशिक्षण घेणाऱ्या शिक्षकांचे वर्तन आणि कौशल्य मोजले आहे: प्रशिक्षणानंतर छात्राध्यापक अधिक चांगले प्रश्न विचारू लागला का, अपेक्षित तंत्र पाठात दिसू लागले का. ज्या कौशल्याचा सराव करून घेतला त्याच कौशल्याची लगोलग तपासणी केली तर फरक मोठा दिसणारच. तो खराही असतो. मात्र सहा महिन्यांनी एखाद्या शाळेत त्याच छात्राध्यापकाच्या हाताखाली सातवीची मुले अपूर्णांक अधिक चांगले शिकली का, हा प्रश्न त्यात फारसा विचारलेलाच नाही. ग्रंथ तर विद्यार्थ्यांच्या संपादणुकीवरील घटकांचा आहे. म्हणजे शिक्षकाच्या वर्तनातील बदल मोजणारी संख्या विद्यार्थ्यांच्या शिकण्यातील बदल मोजणाऱ्या संख्यांच्या रांगेत, त्यांच्याहून वरच्या जागी, येऊन बसली आहे. खाली ढकलल्या गेलेल्या विषयज्ञानाच्या ०.०९ शी तिची तुलना करून विषयज्ञानाचे तास कमी करावेत आणि सूक्ष्म पाठ वाढवावेत असे कोणी ठरवले, तर तो निर्णय संशोधनाधारित दिसेल, पण त्याला संशोधनाचा आधार नसेल.

हाच दोष यादीच्या शिखरावरही आहे. विद्यार्थ्यांनी स्वतः सांगितलेले गुण हा घटक १.४४ या परिणाम-प्रमाणासह पहिला आहे. पण त्यामागील संशोधनांनी विद्यार्थी सांगतात ते गुण आणि त्यांचे प्रत्यक्ष गुण किती जुळतात एवढे पाहिले होते. मुलांना स्वतःची पातळी चांगली ठाऊक असते ही उपयुक्त माहिती आहे, परंतु तो अध्यापनाचा उपाय नाही, आणि म्हणून कोणत्याही अध्यापन-पद्धतीशी त्याची शर्यत लावता येत नाही. हॅटी यांच्या पुढील लेखनात हा घटक विद्यार्थ्यांच्या स्वतःविषयीच्या अपेक्षा या रूपाने मांडला गेला, तेव्हाही जुना आकडा नव्या अर्थाला चिकटून राहिला.

आकड्यामागे नेमके काय मोजले हे तपासणे हा परीक्षणांचा पहिला प्रवाह; दुसरा प्रवाह संख्याशास्त्राच्या अंगाने जातो, आणि त्यातील मुख्य आक्षेप वरच्याच साध्या उदाहरणाने स्पष्ट होतो. सरासरीतील ४ गुणांचा फरक तसाच ठेवून, सर्व स्तरांतील मुले एकत्र असलेला, प्रमाण विचलन २० असलेला गट घेतला, तर परिणाम-प्रमाण ०.२० येते, चाचणी घेऊन निवडलेल्या, प्रमाण विचलन ५ असलेल्या मुलांच्या तुकडीत तोच फरक ०.८० होतो. अध्यापन तेच आणि गुणांतील वाढही तीच असूनही एका ठिकाणी ते बिजागरीच्या खाली आणि दुसऱ्या ठिकाणी तिच्या दुप्पट उंचीवर दिसते. संशोधकाने स्वतः बेतलेली, शिकवलेल्या घटकापुरती चाचणी वापरली तर फरक मोठा दिसतो, राज्यस्तरीय प्रमाणित चाचणीत तो लहान होतो. ब्रिटिश अभ्यासक एड्रियन सिम्पसन यांनी २०१७ साली हा मुद्दा विस्ताराने मांडला: परिणाम-प्रमाण उपक्रमाच्या गुणवत्तेइतकेच संशोधनाच्या रचनेविषयीही बोलत असते, म्हणून भिन्न रचनांच्या संशोधनांची सरासरी काढून उपक्रमांची क्रमवारी लावणे धोरणाला चुकीच्या दिशेने नेते.

०.४० या सीमारेषेची अडचणही याच जातीची आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय स्तरावरच्या वाचन-चाचण्यांचे २००८ साली प्रसिद्ध झालेले विश्लेषण पाहता, पहिलीतून दुसरीत जाताना मुलांची एका वर्षाची सर्वसाधारण वाढ ०.९७ एवढी होती आणि अकरावीतून बारावीत जाताना केवळ ०.०६. म्हणजे ०.४० हा फरक पहिलीत अर्ध्या वर्षाहून कमी शिकण्याएवढा आहे, तर अकरावीत तो अनेक वर्षांच्या शिकण्याएवढा होतो. सर्व वयांना एकच पट्टी लावली की लहान मुलांवरचे उपक्रम आपोआप यशस्वी आणि मोठ्या मुलांवरचे आपोआप फसलेले ठरतात.

याशिवाय एक स्पष्ट चूकही पकडली गेली. परिणाम-प्रमाणाचा अर्थ सामान्य वाचकाला कळावा म्हणून ग्रंथात त्याचे शक्यतेच्या भाषेत रूपांतर दिले होते, गृहपाठाच्या ०.२९ या प्रमाणासाठी तेथे २१ टक्के हा आकडा होता. उपाय केलेल्या गटातील कोणताही एक विद्यार्थी दुसऱ्या गटातील कोणत्याही एकाहून वरचढ असण्याची शक्यता असा त्या मापाचा अर्थ आहे, आणि दोन्ही गट अगदी सारखे असले तरी ती ५० टक्के असते. म्हणून सकारात्मक परिणामासाठी ५० हून कमी आकडा येऊच शकत नाही. ०.२९ साठी योग्य उत्तर सुमारे ५८ टक्के आहे. नॉर्वेतील आर्ने कोरे टॉपहोल यांनी २०११ साली ही चूक सविस्तर दाखवली आणि हॅटी यांनी ती मान्य केली. क्रमवारी तिच्यावर अवलंबून नव्हती, त्यामुळे ग्रंथ या एका चुकीने कोसळत नाही. तथापि काही घटकांसाठी ही शक्यता शून्याहून कमी किंवा शंभराहून अधिक छापली गेली होती, आणि असे आकडे असंख्य वाचकांच्या नजरेखालून निघून गेले, ही बाब शिक्षकांना संशोधन वाचायला शिकवणाऱ्यांनी गंभीरपणे घ्यावी अशी आहे.

तिसरा प्रवाह ग्रंथाबाहेरच्या परिणामांकडे पाहतो. न्यूझीलंडमधीलच मॅसी विद्यापीठाच्या आयव्हन स्नूक आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी २००९ साली, ग्रंथ ताजा असतानाच, विस्तृत परीक्षण लिहिले. कुटुंबाचे उत्पन्न, आरोग्य, पोषण हे घटक शाळेला बदलता येत नाहीत म्हणून त्यांचा विचार या ग्रंथात केलेला नाही, असे हॅटी यांनी स्वतःच सांगितले आहे. परंतु बाजूला ठेवलेली गोष्ट वाचकाच्या मनात नसलेली गोष्ट होते आणि मग यशापयशाचा सगळा भार शिक्षकावर येतो, असे या परीक्षणाचे म्हणणे होते. वर्गातील विद्यार्थिसंख्येच्या ०.२१ या आकड्याविषयी त्यांना विशेष चिंता होती. तीन वर्षांनी, २०१२ च्या अर्थसंकल्पाच्या वेळी, न्यूझीलंडच्या शासनाने वर्गांतील संख्या वाढवण्याचा निर्णय जाहीर केला आणि पालक-शिक्षकांच्या विरोधामुळे काही आठवड्यांतच तो मागे घेतला. त्या निर्णयाचे श्रेय किंवा दोष एका ग्रंथाला देता येणार नाही, पण वर्गाचा आकार फारसा महत्त्वाचा नसतो ही समजूत तेव्हा किती रुळली होती हे त्यातून दिसते.

चौथ्या, तत्त्वचिंतनात्मक प्रवाहाविषयी येथे थोडक्यात सांगणे पुरेसे आहे, कारण संग्रहातील लेख त्याची चर्चा समर्थपणे करतात. टेरहार्ट यांनी विचारले की संपादणूक वाढवणे एवढेच शाळेचे प्रयोजन मानले तर अध्यापनाचे कोणते चित्र उरते. आणि खेर्ट बिएस्टा यांनी हॅटी यांच्या ग्रंथाच्या दोन वर्षे आधीच, काय परिणामकारक आहे हा प्रश्न कशासाठी परिणामकारक या प्रश्नाविना अपुरा राहतो, असे मांडले होते.

मराठी वाचकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मात्र ग्रंथाच्या आरंभीच आहे आणि तो फारच थोड्यांनी वाचलेला दिसतो. आपण वापरलेली बहुतांश संशोधने अतिविकसित देशांतील आहेत आणि त्यांचे निष्कर्ष तसे नसलेल्या किंवा इंग्रजी न बोलणाऱ्या देशांना सरसकट लावू नयेत, असा इशारा हॅटी यांनी स्वतः दिला आहे. विद्यार्थिसंख्येचाच प्रश्न घेतला तर या इशाऱ्याचे वजन कळते. अमेरिकेतील टेनेसी राज्यात १९८५ पासून चाललेल्या प्रसिद्ध ‘स्टार’ प्रयोगात १३ ते १७ मुलांच्या वर्गांची तुलना २२ ते २५ मुलांच्या वर्गांशी केली होती. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा प्राथमिक स्तरावर एका शिक्षकामागे ३० विद्यार्थ्यांचे प्रमाण धरतो, म्हणजे आपली कायदेशीर अपेक्षाच त्या प्रयोगातील मोठ्या वर्गाच्या पलीकडे सुरू होते. साठ मुलांच्या तुकडीतील वीस मुले कमी झाली तर वह्या तपासणे, मागे बसलेल्या मुलाचे वाचन ऐकणे किंवा एकाच शिक्षकाने दोन इयत्ता सांभाळणे यांत काय बदलेल, याविषयी ०.२१ हा आकडा काहीही सांगत नाही. त्याचे मूळ अशा वर्गांत नाहीच.

हॅटी यांनी काम थांबवलेले नाही. २०२३ साली आलेल्या त्यांच्या पुढील ग्रंथात मेटा-अ‍ॅनालिसिसची संख्या दोन हजारांच्या पुढे गेली आहे, आणि क्रमवारीपेक्षा तिच्यामागील विवेचनाकडे पाहावे असा त्यांचा सूर तेथे अधिक ठाम आहे. त्यामुळे या ग्रंथाविरुद्ध निवाडा देणे हा प्रस्तुत संग्रहाचा हेतू नाही. संग्रहातील काही लेख त्याचे समर्थकही आहेत, आणि प्रत्याभरणाविषयीचे त्याचे विवेचन आजही अध्यापक-महाविद्यालयांत शिकवण्यासारखे आहे असे त्यांनी साधार दाखवले आहे. संग्रहाचा प्रयत्न वेगळा आणि मर्यादित आहे. परिणाम-प्रमाणाची किमान गणिते हाताने करून पाहता यावीत, प्रत्येक आकड्याबाबत कोणाचे, काय, कोणत्या चाचणीने आणि कोणाच्या तुलनेत मोजले हे चार प्रश्न छात्राध्यापकाला स्वतः विचारता यावेत, आणि परीक्षण-लेख कसा लिहितात हे एकाच ग्रंथावरील अनेक नमुन्यांतून दिसावे, अशी त्याची रचना आहे. म्हणूनच परस्परविरोधी लेख शेजारी ठेवले आहेत आणि संपादकीय टिपांत त्यांचा समेट घडवलेला नाही. तक्ते मूळ ग्रंथातील क्रमाने दिलेले नाहीत. घटकाच्या नावानंतर आधी मोजलेली गोष्ट आणि शेवटी आकडा, असा क्रम ठेवला आहे. भारतीय वर्गांतील संशोधनांचे असे एकत्रित विश्लेषण या संग्रहात नाही, आणि सूक्ष्म अध्यापनावर भारतातील विद्यापीठांत झालेल्या कामाची तपासणी तर स्वतंत्र पुस्तकच मागते. त्यासाठी लागणारे प्रबंध विद्यापीठांच्या ग्रंथालयांत आहेत, आणि कौशल्य मोजणारे कोणते व विद्यार्थ्यांचे शिकणे मोजणारे कोणते, अशी त्यांची पहिली वाटणी कोणत्याही अध्यापक-महाविद्यालयाला उद्यापासून सुरू करता येईल.